नमस्कार, मी सायली!

नमस्कार मंडळी! मी सायली, एस.वाय. बीएस्सीची सीआर. मूळची बार्शीची, सध्या मुक्काम होस्टेलवर. एफ.वाय.वाल्यांनो, तुमचा सीआर ठरेपर्यंत तुम्हीही माझ्याकडेच. घाबरू नका, बोलणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहीत नाही! तुमच्या अडचणी सर-मॅडमपर्यंत पोचवायच्या, एवढंच माझं काम.

एक मात्र आत्ताच सांगते. महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, त्यामुळे आजच घरी फोन करा. जर्नलही त्या-त्या आठवड्यात तपासून घ्या.

आणि मराठी मीडियमवाल्यांनो, मीही तुमच्यातलीच. सुरुवातीला केमिस्ट्री डोक्यावरून जाईल, बिनधास्त विचारा. पाचनंतर मी लायब्ररीबाहेर सापडते. चहा मात्र तुमच्याकडून!