ओसरीवरची संख्यारेषा

(सहावीच्या वर्गासाठी. म्हणणाऱ्या मुलांनी रेघेकडे तोंड करून एकाच बाजूला बसायचं, म्हणजे धन बाजू सगळ्यांच्या उजव्या हाताला येते. गेल्या वर्षी अर्धा वर्ग पलीकडे बसवला होता, त्या अर्ध्यांचं उजवं-डावं तिथंच बिनसलं. रेघेवर चालायला सुमी, चुकायला बंडू.)

रेघ

ओसरीवरी मांडू खेळ,
घंटेला तर आहे वेळ.
लाद्या मोजा वीस नि एक,
समान रुंदीची प्रत्येक.
मधल्या लादीवर शून्य लिहा,
आरंभबिंदू हाच, पहा.

उजवीकडे ही चढते रांग,
एक, दोन, तीन, पुढचे सांग!
यांना धन म्हण, खूण अधिक,
खूण न लिहिली तरीही ठीक.

डावीकडचं गाव निराळं,
नाव ऋणाचं, तोंड न काळं!
उणे एकशी पहिली भेट,
उणे दहाला भिंतच थेट.
ओसरी सरते, रेघ सरेना,
दोन्ही टोकी बाणच, हो ना?

पाऊल मोजा, लादी नको

सुमी उभी बघ दोनावरती,
तीनच पावलं टाकू पुरती.
बंडू म्हणतो, "दोन, तीन, चार!"
हिशोब फसला, झाली हार.

उभी जिथं ती लादी न मोज,
उडी मोज रे, चुकतोस रोज!
तीनला पहिली, चारला दुसरी,
पाचला थांबे उडी ती तिसरी.

मोठी कोण?

उणे सात अन् उणे दोन यांत मोठी कुठली बरं?
बंडू ओरडे, "सातच मोठा, कुणीही सांगेल खरं!"

बंडू, दोन्ही लाद्यांवरती एक-एकदा राहा,
उजव्या हाताला जी येते, मोठी तीच, पाहा.

तुझी उधारी दोन रुपये नि माझी आहे सात,
सांग कुणाचा पाय खोल या उधारीच्या पाण्यात?

लडाखमधल्या द्रास गावी हिवाळ्यात थंडी खूब,
उणे वीसची रात्र सरता उणे पाच म्हणजे ऊब!

उणे लागला मागे ज्याच्या त्या आकड्याला भुलू नको,
सात दिसला रे दिसला की "मोठा, मोठा" बोलू नको.

शून्य बिचारं ना धन ना ऋण, मध्ये उभं एकटं,
ऋणांहून ते थोरलं अन् धनांहून धाकटं.

(फळ्यावर: −७ < −२ < ० < ३. ही ओळ बंडूनेच लिहायची.)

जोडी

शून्यापासून चार इकडे नि तिकडेसुद्धा चार,
विरुद्ध संख्यांची ही जोडी, उलट तिचा संसार.
दोघी मिळवा, येते शून्य, शिल्लक उरत नाही,
शून्याची मग विरुद्ध कोण? शून्यच! रेघ दे ग्वाही.

वजा आणि उणे

(इथं सावकाश म्हणा. चालणाऱ्या मुलाला गिरकी घ्यायला वेळ लागतो.)

आडवी काडी एकच दिसते,
तिच्यात दोघांची वस्ती असते.
वजा हे काम, उणे हे नाव,
कळलं ज्याला, जिंकला डाव.

मिळवायचं? तर तोंड धनाकडे,
वजा म्हटलं की गिरकी ऋणाकडे.
संख्या धन तर पुढे निघायचं,
ऋण असेल तर मागं सरायचं.
तोंड न फिरवता मागल्या पायी,
हळूच, सुमे, करू नको घाई!

*४ − ९*

चारवर उभी, नऊ वजा,
शून्य ओलांडायची मजा!
गिरकी डावी, चालणं झालं,
चार पावलं, शून्य आलं.
पाच राहिली, मोजली पाच,
उणे पाचवर टेकली टाच.
"जातच नाही!" म्हणायचो ना?
दुसरीत अडला हिशोब तो हाच.

*−३ + ७*

उणे तीनवर उभी सुमी,
अधिक सात, एक ना कमी.
तीन पावलं शून्य गाठी,
चार उरली पुढच्यासाठी.
चारवर आली, झालं काम,
पुसा कपाळावरचा घाम.

*−२ + (−५)*

उणे दोनवर आता बंडू,
उणे पाच मिळवू, नको भांडू.
तोंड उजवीला, चाल मागची,
नजर पुढची, वाट मागची.
उधारीवर उधारी चढली,
उणे सातवर गाडी अडली.

(बंडूला तिथंच उभा राहू दे.)

*३ − (−४)*

तीनवर ये गं, दम घे जरा,
इथंच चुकतो वर्ग हा बरा!
वजा आलं, घे गिरकी डावी,
कंसातली मग नीट बघावी.
उणे चार! तर मागं सर,
एक, दोन, तीन, चार भर.
तोंड डावीला, चाल उजवी,
सुमी सातवर! टाळी वाजवी!

"कमी करायचं, वाढलं कसं?"
बंडू विचारी, आलं हसं.
हसू नका रे, प्रश्न खरा,
वाण्याची ती वही धरा.

वहीत होती उधारी चार,
वाण्यानं म्हटलं, "सोडून द्या यार!"
चारावरती काट मारली,
तेवढी तुमची उधारी सरली.
कुणी ना खिशात पैसा टाकला,
तरी चाराने हिशोब वाढला.
देणं वजा, म्हणजेच भर,
पुन्हा एकदा चालून कर!

वजा हे काम, उणे हे नाव,
कळलं ज्याला, जिंकला डाव.

(फळ्यावर: ३ − (−४) = ३ + ४ = ७. पाठ करण्याआधी प्रत्येकाने हे एकदा पायांनी करायचं.)

जुनी गोष्ट

६२८ साली ग्रंथ लिहितो ब्रह्मगुप्त पंडित,
धन म्हणजे ते हाती, ऋण ते देणं, असं गणित.
शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं, हे बोल
त्याचेच, आणि चौदा शतकांनी सुमी फिरते गोल!

झटपट

(एकाने विचारायचं, बाकीच्यांनी एका सुरात उत्तर.)

उणे सहावर उभं राहून सहाच पुढे आलो?
— शून्यावर!
शून्यावरून आठ वजा, तर सांगा कुठं गेलो?
— उणे आठवर!

तळघरातल्या उणे दोनवर गाडी लावते आई,
पाचव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट किती मजले जाई?
— सात! (जमिनीचा मजला शून्य धरला तर.)

उणे एकमधून उणे एक वजा, उरेल काय हाती?
— शून्य!
"उणे दोन!" जो म्हणेल त्याने पुन्हा चालायचं, साथी!

घंटा

घंटा वाजली, खडू पुसला,
बंडू अजून तिथंच बसला!
उणे सातच्या लादीवरती,
भूक लागली, नजर भिरभिरती.
डबा ठेवला पाचच्या खुणी,
हलवायचा नाही तो कुणी.
शून्यावरून जायची वाट,
सुमी म्हणाली, "सांग रे पाठ!
किती पावलं? मोजून बोल,
नाहीतर भाकर खाईन गोल!"