वळणाचा कोन, चाळीस सेकंदात: रीलची संहिता

बारावी भौतिकशास्त्र, पहिला धडा, रोटेशनल डायनॅमिक्स. दोन गुणांचा प्रश्न. आवाज आणि हात माझा, शूटिंग आणि एडिटिंग तुझं. मोबाइल स्टँडला उभा लाव, बरोबर कागदावर. कागद म्हणजे पेपरात मिळते तशी रेघांची पुरवणी, कारण मुलांना हेच पान ओळखीचं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवू. मी घड्याळ लावून पाहिलं: हे सगळं हाताने लिहायला मला पावणेदोन मिनिटं लागतात. म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवते, त्यावर काळा पुठ्ठा ठेवते आणि बोलता बोलता एकेक ओळ उघडते. लिहिणारा हात फास्ट फॉरवर्ड करायचा नाही. तसा हात बघून मुलांना वाटतं आपल्याला हे जमणार नाही, आणि तिथेच ती रील सोडून देतात.

0 ते 4 सेकंद
पडद्यावर: पुठ्ठ्याने झाकलेलं पान, कोपऱ्यात 40 पासून उलटं चालणारं घड्याळ.
आवाज: बँकिंगचा न्यूमेरिकल, दोन मार्क. घड्याळ सुरू, चाळीस सेकंद.

4 ते 10
पडद्यावर: वळणाची त्रिज्या 80 m, गाडीचा वेग 72 km/h. घर्षणाशिवाय वळता यावं म्हणून बँकिंगचा कोन काढा. (g = 9.8 m/s²)
आवाज: त्रिज्या ऐंशी मीटर, वेग बहात्तर किलोमीटर पर अवर. घर्षण धरायचं नाही. कोन काढा.

10 ते 17
पडद्यावर: `v = 72 × 5/18 = 20 m/s`, आणि `5/18` भोवती लाल गोल.
आवाज: आधी वेग बदला. बहात्तर गुणिले पाच भागिले अठरा. अठरा चोक बहात्तर, पाच चोक वीस. वीस मीटर पर सेकंद.

17 ते 22
पडद्यावर: `tan θ = v²/rg`
आवाज: फॉर्म्युला. टॅन थीटा बरोबर व्ही स्क्वेअर अपॉन आर जी. हा लिहायचाच.

22 ते 30
पडद्यावर, एकाखाली एक:
`tan θ = (20 × 20)/(80 × 9.8)`
`= 400/784 = 25/49`
`= 0.5102`
आवाज: किमती भरा. वर चारशे, खाली सातशे चौऱ्याऐंशी. दोन्हीला सोळाने भाग. पंचवीस भागिले एकोणपन्नास, शून्य पॉइंट पाच एक शून्य दोन.

30 ते 37
पडद्यावर: लॉग टेबलमधलं नॅचरल टँजंटचं पान, 27° च्या ओळीवर माझं बोट. आधी `.5095`, मग बोट उजवीकडे सरकून मीन डिफरन्सच्या 2' च्या रकान्यात, `7` वर.
आवाज: आता नॅचरल टँजंटचं पान. सत्तावीस अंशाला पाच शून्य नऊ पाच. आपल्याला सात जास्त हवेत. सात म्हणजे दोन मिनिटं.

37 ते 40
पडद्यावर: `θ = 27°2'`, चौकटीत.
आवाज: थीटा, सत्तावीस अंश दोन मिनिटं. चौकट करा.

एवढंच. चाळिसाव्या सेकंदाला कट. शेवटी फॉलो करा वगैरे काही बोलणार नाही, त्याला वेळही नाही.

आता तुझ्यासाठी. सगळ्यात जास्त जपायचं ते दहा ते सतरा. लाल गोल निदान दोन सेकंद तरी राहू दे. प्रिलिमच्या एका गठ्ठ्यात मला या प्रकाराची कितीतरी उत्तरं अशी मिळाली, की फॉर्म्युला बरोबर, भागाकार बरोबर आणि वेग मात्र 72 तसाच. तसं केलं तर 5184 भागिले 784 होतं, टॅनची किंमत 6.612 येते आणि कोन 81°24'. अहो, एक्क्याऐंशी अंश म्हणजे रस्ता नाही, भिंत झाली! तरी मुलांनी खाली दोन रेघा मारून उत्तर संपवलेलं. पोरं हुशार होती, पाढे पाठ होते, फक्त उत्तराकडे परत बघायची सवय कुणी लावली नव्हती. तो दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा. म्हणून हा टप्पा घाईत जाऊ द्यायचा नाही, दुसरीकडून एखादा सेकंद काप हवं तर.

दुसरं, टेबलचं पान. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे बोट कुठल्या रकान्यावर आहे ते स्वच्छ दिसलंच पाहिजे. पान पिवळं पडलेलं आहे, दुपारच्या खिडकीतल्या उजेडात घेऊ, ट्यूबलाइटखाली चमकतं. बरीच मुलं सवयीने लॉगचंच पान उघडतात, म्हणून पानाचं शीर्षकही फ्रेममध्ये हवं.

मागे घाटातल्या वळणाचा फोटो लावू का, असं तू विचारलं होतंस. नको. खरा रस्ता 27 अंशांनी तिरपा नसतो. आपल्याकडे मैदानी भागातल्या वळणाला बाहेरची कड साधारण मीटरमागे 7 सेंटिमीटरपर्यंतच उचलतात, म्हणजे जेमतेम 4 अंश. बाकीचं काम टायर आणि रस्त्यामधलं घर्षण करतं. गणितात घर्षण काढून टाकलंय म्हणून कोन एवढा मोठा येतो. फोटो बघून एखाद्या मुलाने खिडकीतून दिसणारा रस्ता आणि आपलं उत्तर ताडून पाहिलं, तर त्याला आपणच गोंधळात टाकलं असं होईल.

खाली टाकायचा मजकूर, जशाच्या तसा:

"गाडीचं वजन का दिलं नाही? कारण ते लागतच नाही. रस्ता गाडीला जो वर रेटतो त्याला N म्हणू. त्याचा आडवा भाग गाडीला वळवतो, `N sin θ = mv²/r`. उभा भाग वजन पेलतो, `N cos θ = mg`. पहिल्याला दुसऱ्याने भागा, N आणि m दोन्ही उडतात, उरतं `tan θ = v²/rg`. म्हणूनच रिकामा टेम्पो असो की भरलेला ट्रक, कोन तोच.

रील चाळीस सेकंदांची आहे ती समजण्यासाठी. पेपरात तीन तासांत सत्तर गुण, म्हणजे दोन गुणांना पाच मिनिटं मिळतात. दिलेल्या किमती, फॉर्म्युला, किमती भरलेली ओळ आणि एककासह उत्तर, चारही लिहा. भागाकार चुकला तरी आधीच्या ओळी तपासणाऱ्याला दिसतात.

आता तुमची पाळी. हाच रस्ता 5 m रुंद असेल तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किती उंच? `h = l sin θ` वापरा, या वेळी नॅचरल साइनचं पान काढा. उत्तर 2.27 m आलं पाहिजे. 2.55 आलं तर तुम्ही साइनऐवजी पुन्हा टॅनचंच पान उघडलंय."