आज्जाचा वेताळ

ड्रॉइंगच्या टीचरनी होमवर्क दिलं होतं, आवडता कार्टून हिरो काढून आणा, पण बघून न्हवे, आठवून. आता आमच्या पिंट्याला बघून काढायला सांगितलं तरी गणपतीचा हत्ती होतोय, आठवून म्हणजे बघायलाच नको. त्यात संध्याकाळी वडगावात करंट गेला, मागच्या गल्लीतले पॉवरलूम गप्प झाले, माझ्या मोबाईलला चार टक्के चार्ज, म्हणजे गुपचूप बघायची पण सोय नाही. मेणबत्ती लावून बसला बिचारा.

काढायचा होता बॅटमॅन. पण काळं स्केचपेन वाळलेलं, मग जांभळं घेतलं. कान कसे असतात आठवेना म्हणून कान राहिले. पाठीवरचा तो झगा कागदात मावेना म्हणून झगा राहिला. डोळ्यात बुबुळं काढली तर मास्कसारखं दिसेना, म्हणून डोळे पांढरेच सोडले. आणि चड्डी रंगवताना ते जांभळं पण संपत आलं, एक रेघ उमटतेय, एक नाही, असं करत चड्डीला पट्टे पडले. मी बघितलं आणि हसू दाबलं, हा बॅटमॅन कमी आणि सर्कशीतला माणूस जास्त होता.

आज्जा म्हणजे माझे बाबा, वय 71, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतंय बरं पण बोलणं आधीपासूनच कमी. चहाची कपबशी घेऊन तिथनं चालले होते, ते थांबले. कागद उचलला, मेणबत्तीजवळ धरला.

"वेताळ काढलास व्हय रे?"

पिंट्या म्हणाला, "आज्जा, बॅटमॅन हाय तो."

"कसला बॅटमॅन. वेताळच हाय हा. अंगठी काढायची राहिली तुझी, कवटीची."

मी गारच. चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर एका घरात राहतोय, पंचांग आणि तरुण भारत सोडून हातात काही बघितलं नाही, आणि हे फँटमला, म्हणजे मराठी कॉमिक्समधल्या वेताळाला, ओळखतात?

मग बसले खाली. निपाणीला असताना, 1967 च्या आसपास, हे सहावीत, आई म्हणजे माझी आज्जी दारात बसून विड्या वळायची, गल्लीतल्या सहासात बायका जमायच्या. तंबाखूच्या वखारीतल्या मुकादमाचा पोरगा पुण्याला शिकायला, तो सुट्टीला येताना इंद्रजाल कॉमिक्स आणायचा, त्यातली जुनी फाटकी ह्यांना मिळायची. गल्लीत घडाघडा वाचणारे हेच, म्हणून बायका म्हणायच्या वाच रे, हात चालतोय तोवर. हे वाचायचे, चित्र दाखवायचे, परत वाचायचे.

"पण त्यांना काय वाटायचं म्हायत हाय काय? गावाबाहेरचा वेताळच हाय हा. नाव घेतलं की हातातली विडी सूपात ठेवून नमस्कार करायच्या. मी सांगितलं, अहो हा जंगलात राहतोय, तर म्हणाल्या मग काय, वेताळ जंगलातच असतोय."

पिंट्या बॅटमॅन विसरला. "मग शेवटाला काय व्हायचं?"

"शेवटचं पान नसायचंच. फाटलेलं. मग मी मनानं सांगायचो. वेताळ पांढऱ्या घोड्यावर बसून निपाणीला आला आणि वजनात मारणाऱ्या मुकादमाला एक ठोसा दिला." आज्जा हसायला लागले, दात नसलेलं हसू. "दुसऱ्या दिवशी बायका म्हणायच्या, कालचाच सांग, नवीन नको."

तेवढ्यात करंट आला, लूम खडखडायला लागले. मी चार्जरला लावून पिंट्याला खरा बॅटमॅन दाखवला, वर हे पण सांगितलं की फँटम 1936 चा, बॅटमॅन 1939 चा, म्हणजे आज्जाचाच थोरला. त्यानं एक नजर टाकली, "कान राहिलेत" म्हणाला आणि मोबाईल मलाच परत दिला. एरवी हिसकावून घ्यायला लागतो.

आज्जानी ते संपत आलेलं स्केचपेन घेतलं. हात कापत होता. उजव्या हाताच्या बोटावर एवढीशी कवटी काढली, दोन ठिपके, खाली दात.

"ही ठोशाची. ज्याला बसली त्याच्या गालावर जन्मभर. डाव्या हातात दुसरी असती, तलवारी एकमेकींत अडकवल्यासारखी. ती मारायची न्हवे. ती ज्याच्यावर उठवली त्याला कोण हात लावत नाही."

"ती कशी दिसती?"

कागदावर जागा उरली नव्हती. आज्जानी पिंट्याचंच मनगट ओढलं आणि त्यावर काढली, पेन दोनदा थुंकीनं ओलं करून. नीट काही आली नाही, चार वाकड्या रेघा.

सकाळी आंघोळीला उभा केला तर डावा हात वर धरून बसलाय, ही ओरडतेय, रिक्षा दारात हॉर्न मारतेय, पण मनगटावर पाण्याचा थेंब पडू देईना.