दत्ताकाकांच्या अर्जाची तपासलेली प्रत

दत्ताकाका, नमस्कार.

तुमचा अर्ज दोनदा वाचला. काकूने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा दोन मिनिटांत कळलं होतं, पण तुमच्या कागदावर विहिरीवरची मोटार चोरीला जाते ती दुसऱ्या पानावर. त्याआधी बांधाचं भांडण, सोसायटीची निवडणूक, आबांच्या वेळचा कज्जा. ते सगळं काढलंय, रागावू नका. ठाण्यात कागद हातात घेणाऱ्याला पहिल्या दोन-चार ओळींत काय गेलं, कुठून आणि कधी, एवढं दिसलं पाहिजे.

"परवा रात्री 2 वाजता चोरी झाली" असं लिहिलंत. परवा म्हणजे कुठल्या दिवसापासून मोजायचं? आणि रात्री 12 नंतर तारीख बदलते, म्हणजे बुधवारची रात्र म्हणता म्हणता गुरुवार उजाडलेला असतो. मुळात 2 वाजता तिथे होतं कोण? तुम्ही पाहिलंत ते एवढंच: 19 तारखेला संध्याकाळी मोटार होती, 20 ला सकाळी नव्हती. म्हणून "दरम्यान" लिहिलंय.

शेजाऱ्याचं नाव घालून "याच भामट्याने चोरली" हे वाक्य पूर्ण खोडलं. त्याला चोरताना ना तुम्ही पाहिलं, ना आणखी कुणी. उद्या तोच तुमच्यावर उलटेल. साहेबांनी "कुणावर संशय?" विचारलं तर कारणासकट तोंडी सांगा. पिकअपवाले दोघे मात्र तुम्ही स्वतः पाहिलेत, ते ठेवले.

"तुमचे शिपाई झोपा काढतात का" हेही गेलं, आणि शेवटचं "आपण मायबाप, मी आपला चरणरज" तेसुद्धा. दोन्हींची गरज नाही. "विनंती आहे" म्हटलं की पुरे.

कलम 379 खोडलं. जुनी दंड संहिता 1 जुलै 2024 पासून गेली, आता भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे. पण कलम लावणं त्यांचं काम, आपण घटना लिहावी. केबल तुम्ही "200-250 फूट" म्हणता, बिलावर 150 आहे. बिलाचंच धरलं. "हि मोटर"चं "ही मोटार" केलं, "पोलिस"चं "पोलीस". त्यावाचून तक्रार अडली नसती, पण प्रेसमध्ये बसून माझा हात राहत नाही.

दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. सहीखाली मोबाईल नंबर पेनाने लिहा. खालची प्रत जशीच्या तशी छापायला द्या.

तुमची,
सुजाता

दिनांक : 21 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, कोरेगाव, जि. सातारा

अर्जदार : दत्तात्रय बाबुराव शिंदे, वय 61, व्यवसाय शेती, रा. पिंपळवाडी, ता. कोरेगाव

विषय : विहिरीवरील पाणबुडी मोटार व केबल चोरीस गेल्याबाबत

महोदय,

मौजे पिंपळवाडी येथील गट नं. 212 मध्ये माझी विहीर आहे. तिच्यावर 5 एचपीची पाणबुडी मोटार बसवलेली होती. ती मी 12 मार्च 2024 रोजी रु. 28,500 ला विकत घेतली होती.

दि. 17 नोव्हेंबर 2025, सोमवार रोजी दुपारी 4 च्या सुमारास दोन अनोळखी इसम पांढऱ्या पिकअप गाडीतून विहिरीजवळ आले. "जुनी मोटार, भंगार विकायचं आहे का?" असे त्यांनी मला विचारले. मी नाही म्हटल्यावर ते निघून गेले. गाडीचा नंबर मी पाहिला नाही.

दि. 19 नोव्हेंबर, बुधवार रोजी सायंकाळी 6 वाजता गव्हाला पाणी देऊन मी मोटार बंद केली, स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले व घरी गेलो. त्या वेळी मोटार व केबल जागेवर होती.

दि. 20 नोव्हेंबर, गुरुवार रोजी सकाळी 7 वाजता विहिरीवर गेलो असता पेटीचे कुलूप तुटलेले व मोटारीचा दोर कापलेला दिसला. मोटार आणि अंदाजे रु. 6,000 किमतीची 150 फूट केबल जागेवर नव्हती. मी लगेच माझ्या मुलाला व गावच्या पोलीस पाटलांना बोलावले. त्यांनीही जागा पाहिली. आजूबाजूला शोध घेतला, पण मोटार मिळाली नाही.

तरी 19 नोव्हेंबर सायंकाळी 6 ते 20 नोव्हेंबर सकाळी 7 या दरम्यान अज्ञात इसमांनी वरील माल चोरून नेल्याबाबत गुन्हा नोंदवून तपास व्हावा व प्रथम खबर अहवालाची प्रत मला मिळावी, ही नम्र विनंती.

वरील मजकूर मी वाचला असून तो माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

सोबत : मोटार व केबलच्या बिलाची झेरॉक्स, सातबारा उतारा, कापलेल्या दोराचे 2 फोटो

आपला विश्वासू,
दत्तात्रय बाबुराव शिंदे