वडावरच्या वाघळांना राहू द्या

मंडळी, रवळनाथाच्या देवळात आज जमलोय ते एका ठरावासाठी. वाघळं आंबे खाऊन नुकसान करतात, म्हणून रविवारी सुतळी बॉम्ब लावून देवळामागच्या वडावरची वाघळं पळवायची, असं वाडीत बोलणं झालंय. माझी स्वतःची साठ कलमं आहेत, हापूस आणि थोडा पायरी. म्हणून बागायतदार म्हणूनच बोलतो, पाच मिनिटं ऐकून घ्या.

वाघूळ आंबा खातं, हे खरंच आहे. पण कुठला खातं ते बघू. आपण हापूस काढतो तो तयार झालेला, पण कडक आणि हिरवा. घळाने उतरवतो, अढीत घालतो, मग तो पिकतो. वाघळाला असा आंबा चालत नाही. त्याला वासावर कळतं, त्याला हवा पाडाचा, झाडावरच मऊ झालेला. तो आपण पेटीत भरतो का? मुंबईला पोचेपर्यंत त्याचा रस होईल.

गेल्या वर्षी आठ दिवस पहाटे उठून मी तीन कलमांखाली पडलेले आंबे गोळा केले. निम्म्याहून जास्त आंब्यांत फळमाशीच्या अळ्या होत्या. काही माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेले. वाघळाचे दात लागलेले होते, पण ते सगळे पिकून मऊ झालेले. माझा मोहोर तुडतुड्याने आणि अवकाळी पावसाने गेला होता. त्याचा राग मी वाघळावर कसा काढू?

आता ती काय देतात ते ऐका. वाघूळ फळ चावतं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं. मोठी बी तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं आणि तिथे टाकतं. वड-पिंपळ-उंबराचं बारीक बी पोटात जातं आणि उडता उडता विष्ठेतून लांब कुठेतरी पडतं. वडाखाली जाऊन बघा, उंडीच्या गोल बियांचा सडा असतो. आपल्या आज्यांनी याच बियांचं तेल काढून दिवे लावले, होड्यांना चोपडलं. काजूचं बोंड ते खातं, बी खालीच राहते, आणि ती वेचणारे आपल्यातच आहेत. परसातला उंबर तुम्ही लावलात का? मीही लावला नाही. सावरीचं फूल रात्री उमलतं, तेव्हा त्याच्याकडे जाणाऱ्यांत वाघळंही असतात. आंब्याचं परागीभवन माश्या करतात, हे मान्य. पण त्या माश्यांना आसरा देणारं रान वाघळाशिवाय विरळ होतं.

मॉरिशसचं सांगतो. तिथे आपल्या कोकणातून गेलेली मराठी माणसं आजही आहेत. आंबा-लिचीच्या बागायतदारांच्या तक्रारीवरून तिथल्या सरकारने 2015 आणि 2016 मध्ये हजारोंनी वाघळं मारली. तरी फळांचं उत्पन्न काही वाढलं नाही. वाघूळ मात्र धोक्यात आलं. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, म्हणून गेलेली संख्या भरून यायला फार वर्षं लागतात. आता वडावर नीट बघा, काही माद्यांच्या छातीला पिल्लं चिकटलेली आहेत. बॉम्ब फुटला की ती खाली पडतील. मी एकदा असं पडलेलं पिल्लू बघितलंय. डोळे उघडे, पंख ओल्या कागदासारखे. परत बघायची इच्छा नाही.

वाघळांपासून येणाऱ्या निपाह रोगाचं भय मनात असेल तर तेही बोलू. केरळात 2018 साली तो आला आणि माणसं दगावली. म्हणून चावलेलं, कुरतडलेलं फळ खायचं नाही, पोरांना उचलू द्यायचं नाही. पडलेलं वाघूळ उघड्या हाताने धरायचं नाही. दम्यावर औषध म्हणून त्याचं मांस-चरबी वापरणं आता थांबवा. आणि घाबरवून हुसकावलेली वाघळं गावभर पांगतात, घराशेजारच्या झाडांवर बसतात. ती वडावरच राहिलेली बरी.

कायद्याचंही सांगतो. पूर्वी फळं खाणारी वाघळं उपद्रवी म्हणून यादीत होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. बॉम्ब लावायच्या आधी वनखात्याला विचारावं लागेल.

तरीही कुणाला जपायचंच असेल, तर फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशवी चढवा, फळमाशीलाही अडवते. सैल नायलॉनचं जाळं मात्र टाकू नका, त्यात वाघळं, घुबडं, साप सगळे अडकून मरतात. पाडाला लागायच्या आत काढणी उरका.

तात्या, तुमच्या बागेत नुकसान जास्त आहे म्हणता. उद्या पहाटे सहाला मी तुमच्याकडे येतो, हातमोजे आणतो, पडलेलं एकेक फळ दोघं मिळून बघू. आणि उद्याच तिन्हीसांजेला बाकीचे सगळे पोरांना घेऊन शाळेच्या मैदानावर या. अंधार पडू लागला की ती एकेक करत वडावरून सुटतात आणि खाडीकडे जातात. ते बघा, आणि मग रविवारचा ठराव करू.