अंतर्गत भरती: वरिष्ठ नियोजन अधिकारी, डिस्पॅच विभाग (2 जागा)

सर्व कायम कर्मचाऱ्यांसाठी,

डिस्पॅच विभागात वरिष्ठ नियोजन अधिकाऱ्याच्या दोन जागा भरायच्या आहेत. 20 जूनपर्यंत फक्त आपल्याच लोकांचे अर्ज घेतले जातील. बाहेर जाहिरात द्यायची की नाही, हे त्यानंतर ठरेल. काम रोजच्या गाड्यांचं वेळापत्रक, गोदामाशी समन्वय आणि चार जणांच्या टीमची जबाबदारी असं आहे. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते, हे आधीच लक्षात घ्यावं.

अर्ज कोणाला करता येईल? सध्याच्या पदावर 20 जूनला किमान 18 महिने पूर्ण झालेले असावेत. प्रसूती रजा आणि वैद्यकीय रजेचा काळ यात धरला जाईल. मागच्या वार्षिक मूल्यमापनात ‘समाधानकारक’ किंवा त्यावरचा शेरा हवा आणि गेल्या 6 महिन्यांत लेखी ताकीद मिळालेली नसावी. प्रोबेशनवर असलेल्यांना या वेळी अर्ज करता येणार नाही. पदवीची अट नाही. नियोजनाचा अनुभव कोणत्याही विभागातला चालेल.

या जागांचं काम सध्या दोन सहकारी तात्पुरतं सांभाळत आहेत. त्यांनाही अर्ज करावा लागेल. त्यांचा अनुभव मुलाखतीत मोजला जाईल, पण जागा त्यांच्यासाठी राखीव नाहीत. ‘नावं आधीच ठरली आहेत’ अशी कुजबुज आमच्याही कानावर आली आहे, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहोत.

अर्ज करायला आपल्या मॅनेजरची परवानगी लागत नाही. मात्र त्यांना कळवणं आवश्यक आहे. मागच्या भरतीत एका विभागप्रमुखांना आपला माणूस जाणार असल्याचं कॅन्टीनमध्ये कळलं, तसं पुन्हा नको. नाव शॉर्टलिस्टमध्ये आल्यावर 2 दिवसांत तुम्ही स्वतः मॅनेजरशी बोला. तिसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभाग त्यांना लेखी कळवेल. त्याआधी अर्ज गोपनीय राहील.

मॅनेजरना विनंती: निवड झालेल्या व्यक्तीला अडवता येणार नाही. रिलीव्ह करण्याची तारीख मात्र तुमच्याशी बोलूनच ठरेल. जास्तीत जास्त 45 दिवस मिळतील. एकाच टीममधून दोघांची निवड झाली, तर दुसऱ्या व्यक्तीसाठी ही मुदत 75 दिवस असेल. अर्ज केला म्हणून कोणाच्या कामाचं वाटप, रजा किंवा मूल्यमापन बदललं, तर ती तक्रार आम्ही थेट वरिष्ठ व्यवस्थापनाकडे नेऊ.

मुलाखत तिघांची समिती घेईल. त्यातला एक सदस्य डिस्पॅचबाहेरचा असेल आणि उमेदवाराचा सध्याचा मॅनेजर समितीत नसेल. सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जातील. निवड न झालेल्यांना कारणं समोर बसून सांगितली जातील.

अर्जाचा फॉर्म मनुष्यबळ विभागात मिळेल. सोबत कामाचा अनुभव एका पानात लिहून 20 जूनला संध्याकाळी 5 पर्यंत तिथेच द्यावा. उशिरा आलेला अर्ज, कोणाचाही असो, घेतला जाणार नाही.

मनुष्यबळ विभाग