घराचं वर्षभराचं वेळापत्रक : एप्रिल 2026 ते मार्च 2027

समीर, मृणाल,

आम्ही वर्षभर बंगळूरला आहोत, तेव्हा घराची कामं महिन्यावार लिहून ठेवतोय. हा कागद फ्रिजच्या बाजूला लावा. कारागिरांचे नंबर टेलिफोनच्या निळ्या वहीत मागच्या पानावर आहेत. तारखा मी एका हिशेबाने धरल्यात: वस्तू लागायच्या महिनाभर आधी तिचं काम झालं पाहिजे. मे महिन्यात एसीवाला आणि जूनमध्ये पत्रेवाला शोधायला निघालात तर त्यांच्या दारात रांग असते, आणि भावही रांगेचाच लागतो.

एप्रिल : टाक्या आणि वाळवी

रविवार, 5 एप्रिल. दोन्ही टाक्या धुणे. गच्चीवरची काळी टाकी 1000 लिटरची, पोर्चखालची 3000 लिटरची. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवणार असली की पेपरात आधी येतं. त्याच्या आदल्या दिवशी टाकी अजिबात काढू नका. शुक्रवारपासून मोटर कमी चालवा, म्हणजे रविवारी वाया जाणारं पाणी थोडंच उरेल. ते झाडांना जाऊ द्या, पण ब्लीचिंग पडायच्या आधीचंच.

सकाळी सहाला सुरू करा. उन्हाच्या आधी उरकायचं कारण सोलर. वरची टाकी रिकामी झाली की सोलरला गार पाणी मिळत नाही. नळ्या कोरड्या पडून तापल्या आणि त्यात दुपारी गार पाणी शिरलं, तर काच तडकते. काम लांबलंच तर सोलरचा कॉक बंद ठेवून सूर्य मावळल्यावर उघडा.

आधी बंद करायचं: मोटरचा एमसीबी (नुसतं बटण नव्हे), गीझर, वॉशिंग मशीनचा नळ, प्युरिफायरचा कॉक. टाकी घासताना उठलेला गाळ पाइपातून खाली उतरतो आणि या सगळ्यांच्या जाळ्यांत जाऊन बसतो. शिवाय प्युरिफायरच्या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही.

घासायला नायलॉनचा ब्रश. तारेच्या घासणीने प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळ त्यांतच धरतं. भिंती, झाकणाची आतली बाजू आणि पाण्याच्या रेषेवरचा पट्टा नीट घासा. डेंग्यूचा डास त्या पट्ट्यावरच अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात. मग बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी भिंतींना फासा. अर्ध्या तासाने दोनदा धुऊन काढा. टाकी भरल्यावर 1000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, तीही निवळूनच, आणि तासभर वापर नाही. उघडी पडलेली, ओलसर पावडर घेऊ नका, तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

खालच्या टाकीत समीर, तू स्वतः उतरायचं नाहीस. बंद टाकीत हवा कमी असते, माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. सक्शन पंप आणि प्रेशर जेटवाले बोलवा. झाकण काही तास आधी उघडून ठेवा, म्हणजे चिकूला त्या वेळी आत्याकडे सोडा. दोन वर्षांचं पोर आणि उघडी टाकी एका आवारात नको. काम झालं की ओव्हरफ्लोच्या तोंडाची जाळी आणि बॉलकॉक पाहा.

शनिवार, 25 एप्रिल. वाळवीची पाहणी. टॉर्च घेऊन देवघराची चौकट, जिन्याखालचं कपाट आणि मागच्या खोलीची फळी बघा. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसली तर ती पुसू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला तीच दाखवायची असते. औषध नुसतं वरून फवारून उपयोग नसतो. भिंत आणि फरशी मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून आत सोडावं लागतं, मग सिमेंटने बुजवतात. हे काम कोरड्या दिवसांतच उरकावं. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते, तेव्हा सगळं नाशिक एकाच वेळी फोन करत असतं.

मे

आंब्याचा पाला गच्चीच्या पन्हाळीत अडकतो. 31 मेच्या रविवारी पन्हाळी आणि पावसाळी पाइप मोकळे करा, बादलीभर पाणी ओतून ते खाली येतं का पाहा. मृग 7–8 जूनला लागतो. त्याआधी हे झालंच पाहिजे, बाकी काही राहिलं तरी चालेल. गच्चीतल्या भेगा आणि मोरीच्या तोंडाचं प्लास्टरही त्याच दिवशी बघा.

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर पंधरवड्याला दोन बादल्या पाणी घाला. एसीची जाळी दर दुसऱ्या रविवारी धुऊन सावलीत वाळवा. तापमान 24 ला ठेवलं तर बिल अंगावर येत नाही.

जून, जुलै : डास आणि इन्व्हर्टर

दर रविवारी कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा चुकवू नका. कुंड्यांच्या ताटल्या, कूलरची टाकी, गच्चीवरचा जुना ड्रम आणि फ्रिजच्या मागे खाली असलेला ट्रे. हा ट्रे कुणालाच आठवत नाही. मृणाल, मनीप्लांटच्या बाटल्यांचं पाणीही बदल. ड्रेनेजच्या वरच्या पाइपाला बांधलेली जाळी वाऱ्याने सुटते, तीही एकदा पाहा.

रविवार, 5 जुलै. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. इंडिकेटर लाल रेषेजवळ असेल तरच आणि खुणेपर्यंतच. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर नाहीच. तोंडं पुसून टर्मिनलला व्हॅसलीन. हे पुन्हा ऑक्टोबर आणि जानेवारीत. बॅटरीजवळ काडी ओढायची नाही.

मेन बोर्डावरच्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. खटकन पडला तर बरा. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा, पावसाळ्यात ते काम उद्यावर नको.

ऑगस्ट : झुरळं आणि उंदीर

रविवार, 2 ऑगस्ट. स्वयंपाकघरात जेल. गणपती 14 सप्टेंबरला आहेत, घर पाहुण्यांनी भरण्याआधी दुसरा हातही झाला पाहिजे. तो 30 ऑगस्टला. दोनदा करायचं कारण असं की झुरळाच्या अंड्यांच्या कोशावर औषधाचा परिणाम होत नाही. एका कोशातून तीसचाळीस पिल्लं निघतात, ती दुसऱ्या हाताला सापडतात. बिजागरी, मिक्सरमागचा कोपरा, फ्रिजचं रबर आणि सिंकखालची जागा, इथे तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके. त्यानंतर तिथे फिनेल किंवा बाजारातला फवारा मारू नका. झुरळं वासाने लांब राहतात आणि जेल खात नाहीत. जेल चिकूच्या हाताला लागेल अशा उंचीवर नको, हे त्या माणसाला स्पष्ट सांगा. फवारणी करायची झालीच तर भांडी आणि धान्य झाकून तीनचार तास घराबाहेर जा.

उंदराला विषाच्या वड्या घरात ठेवू नका. मेलेला उंदीर कपाटामागे शोधण्यात दिवस जातो, शिवाय घरात मूल आहे. पिंजरा लावा आणि मोरीच्या पाइपाभोवतीची फट काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. अंगणात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो.

सप्टेंबर

गणपती. काही काढू नका.

ऑक्टोबर : पुन्हा टाक्या, मग प्युरिफायर

रविवार, 11 ऑक्टोबर. टाक्या, एप्रिलसारख्याच. दसरा 20 ला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्या मधल्या दिवसांत टाकीवाले मिळत नाहीत. पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ होऊन येतं, त्यामुळे या वेळी खालच्या टाकीत एप्रिलपेक्षा जास्त गाळ निघेल.

प्युरिफायरची सर्व्हिस टाकी धुतल्यावरच, 17 ऑक्टोबरला. आधी केलीत तर नवी फिल्टरं आठवड्यात चिखलाने भरतील. गाळाचं फिल्टर सहा महिन्यांनी, कार्बनचं वर्षाने. मेम्ब्रेन 2025 मध्ये बदललाय, माणूस "आता बदलावाच लागेल" म्हणाला तर टीडीएस मोजून दाखवायला सांगा. येणाऱ्या आणि गाळलेल्या पाण्यात ठळक फरक असेल तर मेम्ब्रेन चांगला आहे. मानकाप्रमाणे 500 पर्यंतचं पाणी पिण्यायोग्य धरतात आणि आपलं नळाचं त्याच्या बरंच खाली आहे. आरओ आपण बोअरच्या दिवसांसाठी ठेवलाय.

नोव्हेंबर : गीझर आणि सोलर

नाशिकची थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून लागते, म्हणून रविवार, 1 नोव्हेंबरला ही कामं. गीझरच्या आत एक मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ती काढून बघायला सांगा. अर्ध्याहून कमी उरली असेल तर नवी. पांढरा क्षार काढून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून पाहा, तापमान 60 च्या वर नको. सोलरच्या नळ्या ओल्या कपड्याने पुसा, सकाळी लवकर. एखादी नळी आतून पांढरी दिसत असेल तर तिची पोकळी गेली, ती बदला.

डिसेंबर, जानेवारी

वॉशिंग मशीनच्या खालचं गाळणं काढून धुवा, चिल्लर आणि केसांच्या पिना निघतील. मागच्या पाइपाच्या तोंडाची छोटी जाळीही साफ करा. ड्रम रिकामा ठेवून गरम पाण्यावर एकदा फिरवा. फ्रिजचं रबर तपासायला दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर सैल झालंय.

गॅसची नारिंगी नळी आहे ना, तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा. पाच वर्षं झाली की एजन्सीकडून नवी घ्या. वास आला तर शेगडी, बटणं, काडी कशालाही हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि 1906 ला बाहेर जाऊन फोन करा.

10 जानेवारीला ढेकणांची पाहणी. बंगळूरहून आम्ही संक्रांतीला येऊ, आमच्या बॅगा आधी पोर्चमध्येच उघडू.

फेब्रुवारी : एसी

रविवार, 7 फेब्रुवारी. दोन्ही एसींची पाण्याने धुण्याची सर्व्हिस, आतलं आणि बाहेरचं युनिट दोन्ही, आणि पाणी जाणारी नळी मोकळी. "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" हे वाक्य दरवर्षी येतं. एसीतला गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती कुठे ते आधी दाखवा, मग भरा, असं सांगा. बहुतेक वेळा त्यानंतर गॅस पुरेसा असल्याचं निघतं.

मार्च

चिमणीच्या जाळ्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवा. पंख्यांवरची धूळ पुसा. वाळवीच्या कामाचा हमीचा कागद जिन्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची मुदत 30 एप्रिल 2027 ला संपते. त्याच्या आत एकदा फुकट पाहणीला येणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण ते स्वतःहून येत नाहीत. 15 मार्चला फोन करा आणि तारीख लिहून घ्या.

— काका